घसा बघताना: चार खुणांची प्रस्तावना

घसा दुखतो म्हणून आलेल्या माणसाला ‘आ’ करायला सांगितलं, टॉर्च मारला, की बहुतेक वेळा एकच दृश्य दिसतं: लालबुंद घसा. हा लालपणा विषाणूचा की जिवाणूचा, हे रंगावरून सांगता येत नाही. वर्षानुवर्षं घसे पाहिलेले डॉक्टरही नुसत्या नजरेच्या अंदाजावर गेले, तर पुष्कळदा चुकतात. तरी निर्णय तिथल्या तिथे घ्यावा लागतो, कारण समोरच्याचा प्रश्न साधा असतो: ‘अँटिबायोटिक लागेल का?’ पुढची प्रकरणं या एका प्रश्नाभोवती लिहिलेली आहेत. नव्याने दवाखाना थाटणारे डॉक्टर त्यांचे पहिले वाचक आहेत. घरी मुलाच्या घशात मोबाइलचा उजेड टाकून बघणाऱ्या आईवडिलांनाही ती समजावीत, अशी काळजी घेतली आहे.

आधी हे नक्की करू, की शोध कोणाचा आहे. घसा दुखवणारे जंतू डझनावारी आहेत आणि त्यांतले बहुतेक विषाणू आहेत. सर्दीचे, फ्लूचे, अ‍ॅडिनोव्हायरस, कोरोनाच्या कुळातले. जिवाणूंपैकी रोजच्या व्यवहारात आपल्याला हुडकायचा असतो तो एकच, ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनस. दवाखान्याच्या भाषेत नुसता ‘स्ट्रेप’. घसा दुखतो म्हणून येणाऱ्या शंभर प्रौढांत हा साधारण पाच ते पंधरा जणांत सापडतो आणि शंभर मुलांत वीस ते तीस जणांत. म्हणजे काहीही न तपासता ‘व्हायरल आहे’ म्हणून टाकलं, तरी प्रौढांच्या बाबतीत शंभरांत पंचाऐंशी वेळा तरी आपण बरोबर ठरू. अडचण उरलेल्यांची आहे.

आणि ती अडचण घशाची नाहीच. स्ट्रेपचा घसासुद्धा औषधाशिवाय बहुधा आठवड्याभरात आपला आपण बरा होतो, ताप तर तीन-चार दिवसांतच उतरतो. खरी भीती असते त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना येणाऱ्या संधिवाताच्या तापाची. या तापात शरीराची प्रतिकारशक्ती जिवाणूऐवजी स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. पाच ते पंधरा या वयात हा धोका सर्वाधिक असतो. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ हद्दपार झाला, आपल्याकडे झालेला नाही. तिशीतल्या बाईला पहिल्या बाळंतपणात धाप लागते आणि तपासणीत मायट्रल झडप आकसलेली निघते, तेव्हा तिच्या लहानपणीच्या कुठल्या तरी दुखऱ्या घशापर्यंत मागे जावं लागतं. तो घसा बहुधा कोणाच्याच लक्षात नसतो.

या प्रश्नाला शिस्त लावण्याचं काम 1981 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड इथे झालं. तिथल्या मेडिकल कॉलेजच्या तातडीच्या विभागात रॉबर्ट सेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घसा दुखतो म्हणून आलेल्या 286 प्रौढांची लक्षणं टिपली, प्रत्येकाच्या घशातून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतला आणि तो जिवाणू वाढतो का ते पाहिलं. मग उलट दिशेने हिशेब मांडला: ज्यांच्या नमुन्यात स्ट्रेप वाढला, त्यांच्यात कोणती लक्षणं जास्त होती? पुष्कळ लक्षणं गळाली आणि चार उरली. ताप आलेला असणं, टॉन्सिलवर पांढरट-पिवळे ठिपके किंवा थर असणं, मानेच्या पुढच्या बाजूच्या गाठी सुजून दुखणं आणि खोकला नसणं. प्रत्येकाला एक गुण. चारही असलेल्यांत स्ट्रेप सापडण्याचं प्रमाण सुमारे 56 टक्के निघालं आणि एकही नसलेल्यांत सुमारे अडीच टक्के.

हे दोन आकडे नीट शेजारी ठेवून पाहावेत. खालचा आकडा निर्णय देतो: एकही खूण नसेल तर स्ट्रेप विसरून जा. वरचा आकडा मात्र निर्णय देत नाही. चारही खुणा असूनसुद्धा जवळजवळ निम्म्या लोकांना स्ट्रेप नव्हताच. या खुणा स्ट्रेप ‘ओळखण्यासाठी’ आहेत असं विद्यार्थी पाठ करतात. प्रत्यक्षात त्यांचा सगळा जोर स्ट्रेप वगळण्यात आहे. माझ्या मते या विषयात शिकण्यासारखी पहिली गोष्ट हीच, आणि पुस्तकाची सगळी मांडणी तिच्यावर उभी आहे.

आता एकेक खूण. तापाची मर्यादा 38 अंश सेल्सिअस धरतात, म्हणजे आपल्या सवयीच्या थर्मामीटरवर 100.4. विषाणूनेही ताप येतो, म्हणून ही खूण एकटी फारशी कामाची नाही. तीत एक फसगतही आहे. आपल्याकडे दवाखान्यात येणारा माणूस घरून पॅरासिटॅमॉल घेऊनच येतो, आणि थर्मामीटर 98.6 दाखवतो. सेंटर यांनी मुळात ‘ताप येऊन गेल्याचा इतिहास’ धरला होता तो उगाच नाही. ‘आत्ता ताप आहे का’ यापेक्षा ‘काल रात्री किती होता, कशाने मोजला, गोळी कधी घेतली’ हे विचारावं. नुसतं ‘अंग कसकसतंय’ म्हणजे ताप नव्हे.

टॉन्सिलवरच्या ठिपक्यांना लोक सर्वांत जास्त घाबरतात आणि डॉक्टरही सर्वांत जास्त भुलतात. पांढरं दिसलं की पू, पू म्हणजे जिवाणू, जिवाणू म्हणजे अँटिबायोटिक, अशी साखळी मनात तयारच असते. पण अ‍ॅडिनोव्हायरस असाच पांढरा थर आणतो, सोबत बहुधा डोळे लाल करतो. ग्रंथीज्वराचा ईबी विषाणू तर याहून दाट थर आणतो. आणखी एक रोजचा घोटाळा टॉन्सिलच्या खड्ड्यांत साचणाऱ्या पांढऱ्या खड्यांचा. ते घट्ट असतात, आजूबाजूचा टॉन्सिल फारसा सुजलेला नसतो, माणसाला ताप नसतो आणि विचारलं तर तो सांगतो की असे खडे अधूनमधून पडतात, तोंडाला वास येतो. खऱ्या आजारातला थर सुजलेल्या, लाल टॉन्सिलवर पसरलेला दिसतो. मुलाने नुकतंच दूध किंवा दही खाल्लं असेल, तर पाण्याने चूळ भरायला लावून पुन्हा बघावं. आणि ज्याचे टॉन्सिल लहानपणीच काढले आहेत, त्याच्या बाबतीत ही खूण बाद. त्याला चारपैकी चार मिळूच शकत नाहीत, म्हणून स्ट्रेप होत नाही असं मात्र नाही.

गाठी बघण्याची खूण बोटांची आहे. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे आजीलाही माहीत असतं. टॉन्सिलचं अवधाण जबड्याच्या कोपऱ्याखाली येतं, मानेच्या बाजूला जो तिरका स्नायू उठून दिसतो त्याच्या पुढच्या कडेला. रुग्णाची मान किंचित पुढे झुकवून, दोन्ही हातांच्या बोटांची टोकं तिथे हलकेच फिरवावी. नुसती गाठ लागली म्हणून गुण द्यायचा नाही. लहान मुलांच्या मानेत वाटाण्याएवढ्या मऊ, न दुखणाऱ्या गाठी बाराही महिने लागतात. गाठ मोठी हवी आणि दाबल्यावर मुलाने मान चुकवली पाहिजे. त्या स्नायूच्या मागच्या बाजूला, मानेच्या पाठीकडे गाठींची माळ लागली, तर विचार ईबी विषाणूकडे वळवावा. अशा वेळी पोट तपासून प्लीहा लागते का बघावं आणि अमॉक्सिसिलिन लिहिताना हात आखडावा. या आजारात ते दिलं तर अंगभर पुरळ उठतं आणि पुढे आयुष्यभर कागदावर ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ अशी चुकीची नोंद चिकटून राहते.

चौथी खूण मला सगळ्यांत आवडते, कारण ती नसण्याची खूण आहे. बाकीच्या तिन्हींत काहीतरी शोधायचं असतं, इथे काहीतरी नसल्याची खात्री करायची असते. कारण या जंतूंच्या राहण्याच्या जागेत आहे. श्वसनमार्गाचे विषाणू नाकापासून स्वरयंत्र आणि श्वासनलिकेपर्यंत सगळीकडे हात पसरतात. म्हणून घशाबरोबर नाक वाहतं, शिंका येतात, आवाज बसतो, खोकला येतो. स्ट्रेप मात्र घसा आणि टॉन्सिलच्या अस्तराला धरून बसतो. तो खाली स्वरयंत्राकडे किंवा वर नाकाकडे सहसा जात नाही. त्यामुळे स्ट्रेपचं मूल आवंढा गिळताना कळवळेल, पण खोकणार नाही. ज्याचा आवाज घोगरा झालाय, नाक गळतंय आणि खोकलाही आहे, त्याच्या घशात तुम्ही कितीही पांढरे ठिपके पाहिलेत, तरी विषाणूचं पारडं जड असतं.

ही खूण विचारून मिळवायची असते, आणि प्रश्न सैल विचारला की सैल उत्तर येतं. ‘खोकला आहे का?’ म्हटलं की पुष्कळ जण घसा खाकरून दाखवतात आणि ‘हो, थोडासा’ म्हणतात. दुखऱ्या घशामुळे खाकरणं हा खोकला नव्हे. उलट बाजूने, वीस वर्षं बिडी ओढणाऱ्याला किंवा दम्याच्या रुग्णाला खोकला कायमचाच असतो. त्याच्या खोकल्याने आजच्या घशाबद्दल काहीच कळत नाही. म्हणून प्रश्न असा हवा: ‘घसा दुखायला लागल्यापासून नवा खोकला सुरू झालाय का?’ शिवाय तीन वर्षांखालच्या मुलांत हा सगळा नियम ढिला पडतो. त्यांच्यात स्ट्रेप मुळात कमी आढळतो, आणि आढळलाच तर वाहतं नाक, बारीक ताप, चिडचिड अशा रूपात येतो. या वयाला चार खुणांचा हिशेब लावूच नये.

सेंटर यांचे रुग्ण प्रौढ होते. मुलांसाठी तोच हिशेब कसा वापरायचा, हा प्रश्न कॅनडात टोरोंटोचे वॉरन मॅकआयझॅक यांनी 1998 मध्ये सोडवला. चार खुणांना त्यांनी वयाची जोड दिली: तीन ते चौदा वर्षांना एक गुण जास्त, पंधरा ते चव्वेचाळीसला काही नाही, पंचेचाळीस आणि पुढे एक गुण वजा. पुढे 2012 मध्ये अमेरिकेतल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर हा हिशेब पडताळून पाहिला गेला आणि तो मोठ्या प्रमाणात टिकला. खालच्या उदाहरणात त्याच पडताळणीचे आकडे वापरले आहेत.

समजा, एकाच सकाळी दोघी येतात. पहिली बत्तीस वर्षांची शिक्षिका. तीन दिवस घसा दुखतोय, ताप 101 पर्यंत गेला होता, आवाज बसलाय, नाक वाहतंय, खोकला नवा आहे. टॉन्सिलवर दोन्हीकडे पांढरे ठिपके स्वच्छ दिसतात. तिने ते आरशात पाहिलेत आणि फोटोही काढून आणलाय. मानेत दुखरी गाठ नाही. दुसरी आठ वर्षांची मुलगी. काल दुपारी शाळेतून आली ती तापातच, संध्याकाळी 102. पोट दुखलं, एकदा उलटी झाली. गिळताना रडते. खोकला नाही, सर्दी नाही. टॉन्सिल सुजून लाल झालेत, पण त्यांच्यावर एकही ठिपका नाही. जबड्याखाली उजवीकडे बोट लावलं की मान बाजूला घेते.

नजरेने निवड केली तर शिक्षिकेला अँटिबायोटिक मिळेल आणि मुलीला ‘व्हायरल’ म्हणून परत पाठवलं जाईल. आता गुण मांडू. शिक्षिका: तापाचा एक, ठिपक्यांचा एक, गाठींचा शून्य, खोकला असल्याने शून्य, वयाचा शून्य. एकूण दोन. त्या मोठ्या पडताळणीत दोन गुणांना स्ट्रेपची शक्यता साधारण 23 टक्के आहे. मुलगी: तापाचा एक, ठिपक्यांचा शून्य, दुखऱ्या गाठीचा एक, खोकला नसल्याचा एक, वयाचा एक. एकूण चार, शक्यता साधारण 55 टक्के. ठिपके जिच्या घशात आहेत, तिला स्ट्रेप असण्याची शक्यता ठिपके नसलेलीच्या निम्म्याहून कमी.

यात आणखी बारकावे मिसळता येतात आणि मिसळावेत. शिक्षिकेचा बसलेला आवाज आणि वाहतं नाक गुणांत मोजलंच गेलेलं नाही, पण ते विषाणूकडे बोट दाखवतं. तिची खरी शक्यता 23 हून कमीच धरावी. मुलीची पोटदुखी आणि उलटी, तसंच आजाराचं दुपारी अचानक सुरू होणं, मुलांतल्या स्ट्रेपला साजेसं आहे. तिच्या टाळूवर बारीक लाल रक्तठिपके दिसतात का, अंगावर सँडपेपरसारखं खरखरीत पुरळ लागतं का, हेही बघावं. असेल तर पारडं आणखी झुकतं.

तरीही मुलीचे 55 टक्के म्हणजे नाणं हवेत उडवण्यासारखंच. इथे खुणांचं काम संपतं आणि चाचणीचं सुरू होतं. टॉन्सिलवरून आणि घशाच्या मागच्या भिंतीवरून बोळा फिरवायचा, जिभेला किंवा गालाला लागू द्यायचा नाही. झटपट चाचणी उपलब्ध असेल तर काही मिनिटांत उत्तर येतं. ती ‘आहे’ म्हणाली तर बहुधा खरं असतं, पण खऱ्या रुग्णांपैकी सातांत एखादा तिच्या हातून निसटतो. म्हणून मुलांत ‘नाही’ आलं तर कल्चर करावं, ज्याला एक ते दोन दिवस लागतात. या दोन दिवसांची पालकांना आणि डॉक्टरांनाही धास्ती वाटते. ती बाळगण्याचं कारण नाही. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं, तरी संधिवाताचा ताप टाळता येतो. ज्याला पूर्वी हा ताप येऊन गेलाय, तो मात्र या सगळ्या हिशेबाबाहेरचा. तिथे वाट बघायची नसते.

मग सरसकट सगळ्यांचीच चाचणी का करू नये? कारण शाळकरी मुलांत कित्येकांच्या घशात स्ट्रेप नुसता मुक्कामाला असतो, काहीही त्रास न देता. अशा मुलाला साधी सर्दी झाली आणि आपण बोळा फिरवला, तर चाचणी ‘आहे’ म्हणेल. ते उत्तर खरं असेल, पण आजच्या दुखण्याशी त्याचा संबंध नसेल. शून्य किंवा एक गुण असलेल्यांची चाचणी केली, की हाती लागणाऱ्या ‘आहे’ मध्ये अशीच मुलं जास्त भरतात. कोणाला तपासायचं हे आधी खुणांनी ठरवायचं, ते याचसाठी.

काही घसे या हिशेबात बसवूच नयेत. एका बाजूचा टॉन्सिल पुढे आलाय, पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकललीय, तोंड दोन बोटांहून जास्त उघडत नाही, तोंडात गरम घास असल्यासारखं बोलणं येतंय: हा टॉन्सिलमागचा गळू आहे, त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी पाठवावं. लाळ गळतेय, मूल पुढे वाकून बसलंय, श्वासाला आवाज येतोय: तिथे घशात चमचा घालूच नये, सरळ रुग्णालय गाठावं. आणि टॉन्सिलच्या बाहेर पडजिभेपर्यंत पसरलेला, सोडवायला गेलं तर रक्त येणारा राखाडी पडदा दिसला, तर घटसर्प. लसीकरणामुळे तो विरळ झाला, संपलेला नाही.

स्ट्रेप नक्की झाल्यावर औषध जुनंच: पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, दहा दिवस. पेनिसिलिनला दाद न देणारा ‘अ’ गटाचा स्ट्रेप दवाखान्यात अजून भेटलेला नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनला दाद न देणारा मात्र भेटतो, तरी आपल्याकडे तीन दिवसांचं पाकीट सोयीचं म्हणून तेच हातात पडतं. तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागतं, बाटली फ्रिजमध्ये मागे सरकते आणि दहा दिवसांचे चार होतात. हृदयाच्या झडपेचं रक्षण उरलेल्या सहा दिवसांत आहे, हे चिठ्ठी देतानाच सांगावं लागतं.

शेवटी रक्तातल्या एएसओ चाचणीबद्दल, कारण घसा दुखतो म्हणून ती हमखास लिहिली जाते आणि त्या रिपोर्टवर महिनोन् महिने इंजेक्शनं चालतात. एएसओ ही स्ट्रेपविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं आहेत. ती आजारानंतर आठवड्याभराने वाढू लागतात, तीन ते सहा आठवड्यांनी शिखर गाठतात आणि मग कित्येक महिने रेंगाळतात. आजच्या घशाबद्दल ती काहीच सांगू शकत नाहीत. वाढलेली एएसओ एवढंच सांगते, की या मुलाची मागे कधीतरी स्ट्रेपशी गाठ पडली होती. संधिवाताच्या तापाचा संशय आला, सांधे सुजले, तर ती करावी. त्या प्रकरणात तिच्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. दुखऱ्या घशाच्या प्रकरणात ती मुद्दामच घेतलेली नाही.